कार्पल टनेल : अंगठ्याखालचा उंचवटा आटला, पण त्यावरची कातडी शाबूत कशी?

फिजिओ_दुसरंवर्ष

सरांनी एक केस सोडवायला दिली आहे, तिथेच अडकले आहे. बाई ५२ वर्षांच्या, शिवणकाम करतात, उजवा हात. आठ महिन्यांपासून रात्री दोन-अडीचला हात बधिर होऊन जाग येते. हात पलंगाखाली लोंबता सोडून झटकला की पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. आता दिवसाही अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांना सुई टोचलेली नीट कळत नाही. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो तो डाव्या हाताच्या मानाने सपाट झालाय, त्यामुळे शर्टाची बटणं लावायला त्रास होतो.

आता गोम अशी. त्या सपाट झालेल्या उंचवट्यावरच्या कातडीला कापूस लावला तर व्यवस्थित कळतो. अंगठ्याचं टोकही पूर्ण ताकदीने वाकवता येतं. मीडियन नर्व्ह मनगटातल्या कार्पल टनेल या अरुंद बोगद्यात दाबली गेली, तीच उंचवट्याच्या स्नायूंना जाते, मग तिथली कातडी का वाचली? आणि अंगठा वाकवणारा टेंडन तर टनेलच्या आतूनच जातो. तो कसा वाचला?

कट्टेकरी

सोपं आहे. टनेलमध्ये दहा गोष्टी असतात, नऊ टेंडन आणि एक नर्व्ह. बोटं वाकवणारे आठ आणि मनगट वाकवणारा फ्लेक्सर कार्पाय रेडिअॅलिस. जागा कमी पडली की सगळंच आवळतं. टोक अजून वाकतंय म्हणजे सुरुवातीची स्टेज आहे, पुढे तेही जाईल. कारण कीबोर्ड, मोबाइल वगैरे. शिलाई मशीनही तसलंच.

मनगटी_सर्जन

कट्टेकरी, आकडा बरोबर, यादी चुकली. नववा टेंडन अंगठ्याचा, फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस. फ्लेक्सर कार्पाय रेडिअॅलिस टनेलमध्ये नसतो. टनेलचं छत असलेली जाड पट्टी अंगठ्याकडच्या टोकाला दुभंगते, त्या फटीत ट्रॅपिझियम हाडावरच्या खाचेतून तो वेगळा जातो. आणि ‘पुढे तेही जाईल’ हे तर मुळीच नाही. का, ते समजलं की धागाकर्तीचा दुसरा प्रश्न सुटतो, म्हणून आधी तेच घेतो.

कळसूत्री बाहुलीचा हात हलतो तेव्हा ओढणारा माणूस वर असतो, खाली फक्त दोरी येते. बोटं वाकवणाऱ्या स्नायूंचं मांस असंच वर, कोपर ते मनगट या भागात पुढच्या बाजूच्या कप्प्यात असतं. त्या कप्प्यात तीन थर असतात. वरच्या थरात चार स्नायू : हात पालथा करणारा प्रोनेटर टेरेस, मनगट वाकवणारे दोन, आणि पामॅरिस लाँगस, जो काही लोकांना नसतोच. मधल्या थरात बोटांचा उथळ फ्लेक्सर. सर्वांत खाली हाडांना चिकटून बोटांचा खोल फ्लेक्सर, अंगठ्याचा लांब फ्लेक्सर आणि मनगटाजवळ चौकोनी पट्टीसारखा प्रोनेटर क्वाड्रेटस. मनगटातून आत शिरतात ती यातल्या फक्त तीन स्नायूंची ‘दोरी’ : उथळ फ्लेक्सरचे चार टेंडन, खोलचे चार, अंगठ्याचा एक.

या मांसातल्या बहुतेक भागाला हुकूम पोचवणाऱ्या फांद्या मीडियन नर्व्हपासून कोपराच्या आसपासच सुटतात. अंगठ्याच्या लांब फ्लेक्सरची फांदीसुद्धा मनगटाच्या बरीच वर सुटून गेलेली असते. मनगटात नर्व्ह कितीही चेपली तरी ही फांदी त्या जागेच्या आधीच निघालेली, तिला धक्का लागत नाही. दोरीला हुकूम लागत नाही, तो स्नायूला लागतो. टेंडन नर्व्हच्या शेजारी दाटीत बसतो, घर्षणाने त्याचं आवरण जाड होतं, पण त्याची ताकद जात नाही.

म्हणून या केसमध्ये अंगठ्याचं टोक वाकत नसतं तर मी उलट चमकलो असतो. मग बिघाड मनगटाच्या वर शोधावा लागला असता.

फिजिओ_दुसरंवर्ष

हे लख्ख कळलं. पण कातडीचं काय? ती तर मनगटाच्या खाली आहे ना?

मनगटी_सर्जन

कातडी मनगटाच्या खाली आहे, पण तिची नर्व्ह मनगटाच्या वरच वेगळी होते. मनगटाच्या घडीपासून साधारण पाच सेंटिमीटर वर मीडियनच्या अंगठ्याकडच्या बाजूने एक बारीक फांदी सुटते, पामर क्युटेनियस. ती टनेलमध्ये शिरतच नाही. छताच्या वरून, कातडीखालून जाते आणि तळहाताच्या मुळाशी, त्या उंचवट्यावरच्या भागात पसरते.

उंचवट्याच्या स्नायूंची फांदी मात्र मीडियनसोबत टनेलमधून प्रवास करते, बहुतेकांमध्ये बाहेर पडल्यावर सुटते आणि मागे वळून स्नायूंत शिरते. म्हणून तिला रिकरंट म्हणतात. म्हणजे एकाच जागेचं मांस आणि कातडी यांचे रस्ते वेगळे, एक बोगद्यातून, दुसरा पुलावरून. बोगद्यात माती कोसळली तर पुलावरची वाहतूक चालूच राहते.

रुग्ण तपासताना याचा उपयोग होतो. तळहाताचं मूळही बधिर असेल तर दाब टनेलच्या वर कुठेतरी असण्याची शक्यता वाढते. आणि ऑपरेशननंतर ती जागा नव्याने बधिर झाली तर चीर देताना पामर क्युटेनियस दुखावल्याची शंका घ्यावी. चीर अनामिकेच्या रेषेत, तीही करंगळीकडे झुकती ठेवतात, त्याचं एक कारण हेच.

कोपरखैरणेकर

इथे विचारू का? मलाही हेच आहे. फोन कानाला लावून बराच वेळ बोललं की करंगळी आणि शेजारचं बोट मुंग्यांनी भरतं. दुकानातून मनगटाचा पट्टा आणला, तीन आठवडे लावला, काही फरक नाही. पट्टा चुकीचा निवडला का?

निळीशाई

(नर्व्ह कंडक्शन लॅबमध्ये काम करते.) पट्टा नाही, जागा चुकली. नावातच उत्तर आहे तुमच्या, कोपर बघा. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू ही अल्नर नर्व्हची. फोन धरताना कोपर वाकतो, आणि ही नर्व्ह कोपराच्या आतल्या हाडामागून जाते, ती वाकल्यावर ताणते आणि दबते. एक गोष्ट बघून सांगा, हाताच्या मागच्या बाजूला करंगळीच्या मुळाशी कातडी बधिर वाटते का?

कोपरखैरणेकर

हो, मागेही थोडी.

निळीशाई

मग कोपराची शक्यता जास्त. हाताच्या मागच्या त्या भागाची फांदीही मनगटाच्या बऱ्याच वर सुटते. अल्नर मनगटात दबली असती तर मागची कातडी शाबूत राहिली असती. वर मीडियनच्या तळहाताच्या फांदीचं जे गणित सांगितलं, तेच इथे मागच्या बाजूने. एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या, आणि तोवर कोपर वाकवून झोपणं आणि टेबलावर कोपर टेकवून बसणं टाळा.

कट्टेकरी

पण अल्नर नर्व्हही मनगटातूनच जाते. टनेल फुगला की तीही दबणार ना? काही पेशंट पाचही बोटं बधिर सांगतात ते यामुळेच.

मनगटी_सर्जन

ती मनगटातून जाते, टनेलमधून नाही. टनेलचं छत म्हणजे अंगठ्याकडे स्कॅफॉइड आणि ट्रॅपिझियम, करंगळीकडे पिसिफॉर्म आणि हॅमेटचा आकडा, या चार खुंटांवर ताणलेली जाड पट्टी, फ्लेक्सर रेटिनॅक्युलम. अल्नर नर्व्ह आणि तिची रक्तवाहिनी या पट्टीच्या वरून, पिसिफॉर्मच्या बाजूने, स्वतःच्या वेगळ्या वाटेने जातात. आत दाब वाढला तरी तो थेट त्यांच्यावर येत नाही.

पाचही बोटं सांगणारे पेशंट मात्र खरोखर भेटतात, यात तुम्ही चुकला नाहीत. अर्ध्या झोपेत कोणतं बोट हे नीट सांगता येत नाही, हे एक कारण असेल. पण सगळ्यांच्या बाबतीत ते पुरतं असं मला वाटत नाही. टनेल मोकळा केल्यावर करंगळीचा बधिरपणाही गेला असे पेशंट असतात. छत आणि अल्नरची वाट शेजारी आहेत, एकीचा ताण दुसरीवर येतो असं काही जण मांडतात. माझ्या मते तो प्रश्न उघडा आहे.

फिजिओ_दुसरंवर्ष

अनामिका अर्धीच का बधिर होते, हे सरांनी स्वतंत्र विचारलं आहे. तपासणीत बाईंच्या अनामिकेची मधल्या बोटाकडची कड बधिर, करंगळीकडची ठीक आहे.

निळीशाई

नर्व्ह बोटाला एकच मिळत नाही, दोन कडांना दोन मिळतात. मधल्या बोटाची आणि अनामिकेची जी बाजू एकमेकींसमोर आहे, त्या दोघींना एकाच फांदीचे दोन फाटे जातात, आणि ती फांदी मीडियनची. अनामिकेची उरलेली कड अल्नरकडून येते. मानेत दाब असेल तर एकाच बोटाची मधोमध फाळणी झालेली सहसा दिसत नाही. म्हणून घाईत असलात तरी अनामिका तपासल्याशिवाय सोडू नये.

पद्धत सांगते. कापूस किंवा बोथट पिन आधी निरोगी हातावर लावा, पेशंटला ‘असं’ म्हणजे काय ते कळू द्या. मग डोळे मिटायला सांगा आणि अनामिकेची एक कड, दुसरी कड असं आलटून पालटून. ‘कळतंय का’ एवढंच विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. ‘दोन्हीकडे सारखं की वेगळं’ असं विचारा.

कट्टेकरी

रात्रीच का दुखतं ते कोणी सांगितलं नाही. रात्री तर हात काही करत नाही, उलट विश्रांती असते.

मनगटी_सर्जन

काम करत नाही, पण कसा पडलाय ते बघा. झोपेत माणूस मनगट दुमडून, मूठ करून, गालाखाली किंवा उशीखाली घालून झोपतो. १९८१ साली गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी टनेलमध्ये बारीक नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजला होता. मनगट सरळ असताना निरोगी हातात सरासरी २.५ मिलिमीटर पारा, तर कार्पल टनेलच्या रुग्णांत ३२. मनगट दुमडलं की रुग्णांत हाच आकडा ९० च्या पुढे, आणि मागे ताणलं तर त्याहूनही वर.

आता नर्व्हचं स्वतःचं रक्ताभिसरण बघा. तिच्या आवरणातल्या बारीक शिरांमधलं रक्त २० ते ३० मिलिमीटरच्या दाबालाच मंदावतं. रक्त साचतं, पाणी झिरपतं, नर्व्हला सूज येते, आणि आत निचऱ्याची सोय तोकडी असल्याने ती सूज लवकर उतरत नाही. प्राणवायू कमी पडल्यावर धागे नको तिथे फुरफुरतात. त्यालाच मुंग्या म्हणायचं. झोपेत हातापायांतलं पाणीही सारखं पसरतं, आणि दिवसा बोटं हलवल्याने जो पंप चालतो तो बंद असतो.

हात लोंबता सोडला, झटकला की मनगट सरळ होतं, पंप सुरू होतो, रक्त फिरतं, पाचेक मिनिटांत सगळं जागेवर. झटकून बरं वाटणं हे चांगलं लक्षण आहे, कारण याचा अर्थ नर्व्ह अजून कोंडलेली आहे, झिजलेली नाही. या बाईंमध्ये मात्र दिवसाही बोटं बधिर आणि स्नायू आटलेला, म्हणजे काही धागे आतून तुटले आहेत. रात्री झटकून बरं वाटणं आणि दिवसाचा बधिरपणा एकाच वेळी असू शकतात, कारण नर्व्हमधले सगळे धागे एकाच टप्प्यावर नसतात.

हळदकुंकू

मी बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. गरोदरपणात पट्टा वापरायचा का, हा माझा प्रश्न आहे, सातवा महिना आहे. पट्टा मनगट थोडं मागे वाकवूनच धरतो. तो तसाच बरोबर का?

निळीशाई

दुकानातले बरेच पट्टे मनगट २०-३० अंश मागे ताणून ठेवतात, आणि वर सांगितलं तसं मागे ताणल्यानेही दाब चढतो. आतली धातूची पट्टी काढून ती सरळ वाकवून परत घाला, मनगट शक्यतो शून्य अंशात राहील असं. रात्री लावा, दिवसभर नको. बोटं मूठ मिटेल इतपत मोकळी राहू द्या, पट्टा घट्ट आवळला तर तोच दाब वाढवेल. गरोदरपणात पाणी साठल्याने हे होतं आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर उतरतं. पण अंगठ्याची पकड ढिली होत असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

फिजिओ_दुसरंवर्ष

अंगठ्याची ताकद तपासायची नेमकी पद्धत? मी बाईंना अंगठा बाहेर काढायला सांगितला तर त्यांनी काढला, म्हणून मी ताकद पाचपैकी चार लिहिली. सर म्हणाले चूक.

मनगटी_सर्जन

नेहमीची फसगत. अंगठा तळहाताच्या पातळीतच बाजूला काढायला रेडिअल नर्व्हचा अॅबडक्टर पॉलिसिस लाँगस पुरतो, आणि त्याचं मांस मागच्या कप्प्यात आहे, त्याचा या टनेलशी काही संबंध नाही. तुम्ही त्याची परीक्षा घेतली.

हात टेबलावर तळवा वर करून ठेवा. अंगठा तळहातापासून काटकोनात, थेट छताकडे उचलायला सांगा. आता अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याजवळ, म्हणजे नखापाशी नाही, तिथे एका बोटाने खाली दाबा. दुसऱ्या हाताचं बोट उंचवट्याच्या बाहेरच्या कडेवर ठेवा, अॅबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिस तिथे फुगलेला जाणवला पाहिजे. जाणवत नाही आणि अंगठा तरी वर येतोय, तर दुसरा कुणीतरी ते काम करतोय.

बटणं लावताना अडचण येते ती नेमकी याच मुळे. अंगठा बोटांसमोर आणण्यासाठी तो आधी वर उचलून फिरवावा लागतो. टोक वाकवायचं काम शाबूत, पण टोक जागेवर आणायचं काम गेलेलं. वर बोटांच्या टोकांना कळतच नाही की बटण धरलंय की निसटलंय. बऱ्याचदा वस्तू हातातून पडण्याचं कारण ताकद नसून हा स्पर्शच असतो.

निळीशाई

सरांनी कंडक्शनचे आकडे दिले असतील तर टाक.

फिजिओ_दुसरंवर्ष

उजव्या मीडियनची मनगट ते उंचवटा मोटर लेटन्सी ६.१ मिलिसेकंद, डावी ३.६. उजव्या तर्जनीची सेन्सरी रिस्पॉन्स आलीच नाही. अल्नर दोन्ही बाजूंना नॉर्मल. सुई तपासणीत अॅबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिसमध्ये डिनर्व्हेशन, म्हणजे स्नायूचा नर्व्हशी संबंध तुटल्याची खूण, अंगठ्याच्या लांब फ्लेक्सरमध्ये काही नाही.

निळीशाई

सुरेख जुळतंय. बहुतेक लॅब ४.२ ते ४.५ च्या वरची लेटन्सी लांबलेली धरतात, इथे सहाच्या वर आहे. नर्व्हच्या धाग्यांवरचं आवरण दाबाच्या जागी सुटलं की विजेचा संदेश तिथे रेंगाळतो, म्हणून वेळ वाढते. पण आवरण नुसतं सुटलं तर स्नायू आटत नाही, आत धागाच तुटला की सुईत डिनर्व्हेशन दिसतं. मीडियनमध्ये मनगटापाशी बहुतेक धागे संवेदनेचे असतात, म्हणून सेन्सरी आधी जाते, मोटर मागून.

आणि लांब फ्लेक्सर साफ आहे, तो वरच्या मजल्यावर सुटलेला. तुमचा दुसरा प्रश्न यंत्रानेही तसाच सोडवलाय. अल्नर साफ म्हणजे सगळ्या नर्व्ह सारख्याच खराब करणारा आजार, उदाहरणार्थ मधुमेहातला, इथे एकटा कारण नाही.

कट्टेकरी

मग कीबोर्डवाल्यांचं काय, हे तरी सांगा. सगळीकडे तेच लिहिलेलं असतं.

मनगटी_सर्जन

टायपिंगचा पुरावा कमकुवत आहे. जोराची पकड वारंवार करणं आणि कंप पावणारी यंत्रं, म्हणजे ड्रिल, ग्राइंडर, यांचा पुरावा अधिक भक्कम आहे. शिलाई मशीनपेक्षा या बाईंचं थायरॉइड, साखर आणि संधिवात आधी बघेन. कात्री जोराने चालवणं मात्र मोजेन, ती पकड आहे.

फिजिओ_दुसरंवर्ष

शेवटचा प्रश्न. त्यांना कोपरापासून दंडापर्यंतही दुखतं. सर म्हणतात हे टनेलमुळेच. नर्व्ह तर खालच्या दिशेने जाते, दुखणं वर कसं चढतं?

मनगटी_सर्जन

चढतं हे खरं, रोज बघतो. मेंदूला कळवणारे धागे वरच जातात, पण ते दुखणं कोपरात जाणवावं असं ठोस उत्तर माझ्याकडे नाही. मान आणि मनगट दोन्हीकडे दाब असेल तर लक्षणं वाढतात असं एक मत आहे, त्यावर वादही आहे. अशा वेळी मान विसरायची नाही. मानेच्या मुळात दाब असता तर तर्जनीची सेन्सरी रिस्पॉन्स राहिली असती, कारण तो दाब संवेदनेच्या पेशींच्या आधी, मणक्याकडे पडतो. ती गेली म्हणजे मनगटाचा दोष पक्का. पण मानेचा दुसरा दोष सोबत नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. प्रोनेटर टेरेसमध्ये सुई घातली होती का? तो मीडियनचाच, पण मनगटाच्या वरचा. तिथे डिनर्व्हेशन सापडलं असतं तर एकट्या मनगटावर खापर फोडता आलं नसतं.

फिजिओ_दुसरंवर्ष

रिपोर्टमध्ये तो स्नायू नाही. फक्त दोनच स्नायू तपासलेत.

मनगटी_सर्जन

मग उत्तरात मान ‘नाही’ असं लिहू नकोस. ‘तपासलेली नाही’ असं लिही.